एक जानेवारीला अडकलेला लॅपटॉप

वीजबिल भरायला क्रोम उघडावं आणि बिलाच्या पानाऐवजी पडद्यावर सूचना यावी, की तुमचं घड्याळ मागे आहे. खालच्या कोपऱ्यात पाहावं तर तारीख 1 जानेवारी 2012. ती हाताने दुरुस्त केली की सगळं सुरळीत चालू होतं आणि दिवसभर घड्याळही बिनचूक चालतं. रात्री लॅपटॉप बंद करून सकाळी लावला, की पुन्हा तीच 1 जानेवारी. जुना लॅपटॉप वापरणाऱ्या घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांच्या कार्यालयांत हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे.

बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो. मग अँटिव्हायरस चालवला जातो. त्यानेही भागलं नाही तर कुणी पैसे मोजून विंडोज नव्याने टाकून घेतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारीख पुन्हा मागे गेलेली दिसते. विंडोज कितीही वेळा बदललं तरी फरक पडणार नसतो, कारण बिघाड डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये असतो. या सेलला दुकानात ‘सीमॉस बॅटरी’ म्हणतात. तो बदलायला फार खर्च येत नाही, पण बदलण्याआधी दोष खरंच त्याचाच आहे का, हे पाहायला हवं. ते पाहणं अवघड नाही. घड्याळ नेमकं किती आणि केव्हा चुकतं, यातच निम्मं उत्तर मिळतं.

बंद लॅपटॉपमध्ये काय चालू असतं

लॅपटॉपमध्ये दोन घड्याळं असतात. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारं घड्याळ विंडोजचं. लॅपटॉप चालू असेपर्यंत ते प्रोसेसरच्या मदतीने चालतं आणि लॅपटॉप बंद झाला की संपतं. दुसरं घड्याळ मदरबोर्डवर असतं आणि ते कधीच थांबू नये अशी अपेक्षा असते. तंत्रज्ञ त्याला आरटीसी, म्हणजे रिअल टाइम क्लॉक म्हणतात. लॅपटॉप सुरू होताना विंडोज सर्वांत आधी याच घड्याळाला वेळ विचारतं आणि ते जे सांगेल ते खरं मानून पुढे निघतं.

आरटीसीच्या शेजारी क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा कंपन पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. 32,768 ला दोनने सलग 15 वेळा भागलं की एक उरतो, म्हणजे सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही याच जातीचा स्फटिक असतो. हे ठोके मोजत राहायला आरटीसीला फार वीज लागत नाही. काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या चार-सहा पट एवढा प्रवाह पुरतो. मात्र तो अखंड लागतो. वीज खंडित झाली की मोजणी विसरली जाते आणि नंतर वीज आली तरी मधे किती वेळ गेला हे त्याला कळायला मार्ग नसतो.

ही सोय संगणकात पहिल्यापासून नव्हती. आयबीएमने 1981 मध्ये बाजारात आणलेल्या पीसीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. संगणक सुरू केला की डॉस दरवेळी तारीख आणि वेळ विचारत असे, आणि कुणी काही न लिहिता पुढे गेलं तर 1 जानेवारी 1980 पासून मोजायला सुरुवात करत असे. 1984 मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी146818 ही चिप बसवली गेली. तिच्यात घड्याळ होतं आणि 64 बाइटची इवलीशी स्मृतीही होती. तारीख आणि घड्याळाचा कारभार सांभाळून उरलेल्या 50 बाइटमध्ये संगणकाला कोणती डिस्क जोडली आहे, किती मेमरी आहे, अशा नोंदी राहत. ही चिप सीमॉस जातीची, कमीत कमी वीज खाणारी होती, म्हणून तिला जिवंत ठेवणाऱ्या बॅटरीलाही तेच नाव पडलं आणि टिकलं.

त्या काळी बॅटरी संपली की तारीख जायचीच, शिवाय डिस्कची माहितीही जायची आणि संगणक सुरूच होत नसे. आजच्या लॅपटॉपमध्ये बायोसच्या बहुतेक नोंदी फ्लॅश मेमरीत असतात आणि त्या विजेवाचून टिकतात. म्हणून सेल संपलेल्या नव्या लॅपटॉपवर बाकी सगळं जागच्या जागी राहतं आणि तारीख तेवढी जाते. तारीख कुठे जाऊन थांबते, हे बायोस बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं असतं. बऱ्याचदा ती त्या बायोसच्या जन्मवर्षाच्या आसपासची 1 जानेवारी असते. 2012 दिसलं म्हणून 2012 साली काही बिघडलं होतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

बॅटरी काढलेला लॅपटॉप

लॅपटॉपमधला हा सेल बहुधा सीआर2032 जातीचा असतो. नावातल्या 20 चा अर्थ 20 मिलिमीटर व्यास आणि 32 चा अर्थ 3.2 मिलिमीटर जाडी. तो लिथियमचा, 3 व्होल्टचा आणि एकदाच वापरायचा असतो. त्याची साठवण साधारण 220 मिलिअँपिअर-तास असते. आरटीसी 5 मायक्रोअँपिअर घेत असेल, तर 220 मिलिअँपिअर-तास संपायला 44,000 तास, म्हणजे पाच वर्षं लागतील. हा हिशोब लॅपटॉप पाच वर्षं सलग बंद आहे आणि त्याला दुसरीकडून वीजच नाही, असं धरून केलेला आहे.

प्रत्यक्षात सेलवर सारा वेळ भार नसतो. चार्जर लावलेला असेल तर आरटीसीला त्याची वीज मिळते. चार्जर काढला तरी बहुतेक लॅपटॉपमध्ये मुख्य बॅटरी आरटीसीला थोडी वीज पुरवत राहते, अगदी लॅपटॉप बंद असतानाही. हे दोन्ही नसतील तेव्हाच सेलवर वेळ येते. म्हणूनच चांगल्या बॅटरीच्या, रोजच्या वापरातल्या लॅपटॉपमध्ये हा सेल आठ-दहा वर्षं निघाला तर नवल नाही.

मग तो लवकर का संपतो? आपल्याकडे नेहमी दिसणारा एक लॅपटॉप उदाहरणासाठी घेऊ. झेरॉक्सच्या दुकानातला, 2013 च्या सुमारास घेतलेला. चार-पाच वर्षांनी त्याची मुख्य बॅटरी फुगली. ती काढून टाकली, नवी घेतली नाही, कारण लॅपटॉप दुकानातून हलतच नाही आणि चार्जरवर झकास चालतो. रात्री नऊला दुकान बंद करताना मालक लॅपटॉप बंद करतात आणि भिंतीवरचं बटणही बंद करतात. सकाळी नऊपर्यंत लॅपटॉपला कुठूनच वीज नाही. ज्या सेलवर आधी क्वचितच भार पडत असे, त्याला आता रोज बारा तास एकट्याने घड्याळ चालवावं लागतं. हिशोबाने नवा सेल अशा वापरात सहज काही वर्षं टिकेल. पण हा सेल नवा नाही. तो कारखान्यातून आला तेव्हापासून आतल्या उष्णतेत बसलेला आहे, त्याची काही साठवण आपोआप झिजलेली आहे आणि आता उरलेली साठवण भराभर संपू लागली आहे.

सीआर2032 ची आणखी एक खोड आहे. आयुष्याचा बहुतेक काळ तो 3 व्होल्टच्या जवळपास राहतो आणि अगदी शेवटी झपकन खाली येतो. त्यामुळे आधी काही चाहूल लागत नाही. सोमवारपर्यंत तारीख बरोबर असते आणि मंगळवारी सकाळी 1 जानेवारी 2012 उजाडते. दुकानदाराला वाटतं की कालच काहीतरी बिघडलं. खरं तर मुख्य बॅटरी काढली त्या दिवसापासूनच हे व्हायला लागलेलं असतं.

याच दुकानात आणखी एक खूण सापडते. एखाद्या रात्री बटण बंद करायचं राहिलं, चार्जरला वीज मिळत राहिली, तर दुसऱ्या दिवशी तारीख बरोबर असते. बटण बंद केलं तर चुकते. एवढं लक्षात आलं तरी दोष सेलच्या बाजूचा आहे, हे जवळजवळ ठरतं.

घड्याळ किती चुकतं ते पाहा

वेळ चुकते म्हणजे दरवेळी सेलच संपलेला असतो असं नाही. चुकीचा आकडा नीट पाहिला तर कारणाचा माग लागतो.

तारीख काही वर्षं मागे, ठरलेल्या 1 जानेवारीवर जात असेल आणि वीज तुटल्यावरच जात असेल, तर सेल संपला आहे किंवा त्याचा कनेक्टर सैल झाला आहे. तारीख काल रात्रीचीच आणि वेळही लॅपटॉप बंद केला तेव्हाचीच दिसत असेल, तरीही संशय सेलवरच घ्यावा. मरणपंथाला लागलेला सेल कधी कधी नोंद जपण्यापुरता दाब देतो, पण स्फटिक चालवायला कमी पडतो. मग बंद असतानाचा काळ मोजलाच जात नाही.

तारीख बरोबर आणि वेळ नेमकी साडेपाच तास मागे किंवा पुढे असेल, तर सेलला हात लावू नये. त्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ ठेवतं. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सने लिहिलेली जागतिक वेळ विंडोजने स्थानिक समजून वाचली, की विंडोजमध्ये सकाळचे साडेदहा पहाटेचे पाच होतात. अशा वेळी लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भांडण मिटतं:

```
timedatectl set-local-rtc 1
```

फरक साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असेल, तर विंडोजचा टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आहे. नव्याने टाकलेल्या विंडोजवर हे हमखास घडतं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून फरकाचे हे दोन आकडे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली ओळ लिहिली की सध्याचा टाइम झोन दिसतो आणि दुसरीने तो भारताचा होतो:

```
tzutil /g
tzutil /s "India Standard Time"
```

महिन्याभरात मिनिटभर मागे-पुढे होणारं घड्याळ तर बिघडलेलंही नसतं. स्वस्त स्फटिकात दहा लाखांत वीस भाग एवढी चूक चालवून घेतली जाते. त्याने दिवसाला पावणेदोन सेकंद, म्हणजे महिन्याला पन्नासेक सेकंद फरक पडतो. इंटरनेट मिळाल्यावर विंडोज तो आपोआप भरून काढतं.

विंडोजला बाजूला ठेवून केलेली परीक्षा

खूण पटली तरी एक परीक्षा करून खात्री करावी. तिला कसलंही हत्यार लागत नाही. लॅपटॉप सुरू करताच बायोसमध्ये शिरायचं. त्याची कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेल, एसर आणि असूसच्या बहुतेक लॅपटॉपवर `F2`, एचपीवर `F10` किंवा आधी `Esc`, थिंकपॅडवर `F1`. तिथे तारीख आणि वेळ बरोबर लावायची, `F10` ने जतन करायची आणि विंडोज सुरू होऊ न देता लॅपटॉप बंद करायचा. चार्जर काढायचा. मुख्य बॅटरी बाहेरून काढता येत असेल तर तीही काढायची. रात्रभर लॅपटॉप तसाच ठेवायचा.

सकाळी पुन्हा थेट बायोसमध्ये जायचं. विंडोजमध्ये आधी जाऊ नये, कारण इंटरनेट मिळालं तर ते वेळ दुरुस्त करून टाकेल आणि पुरावा पुसला जाईल. बायोसमध्येच तारीख गेलेली दिसली, तर दोष सेलचा किंवा मदरबोर्डचा. बायोसमध्ये वेळ बरोबर आणि विंडोजमध्ये चुकीची दिसली, तर सेल ठणठणीत आहे आणि कारण सॉफ्टवेअरमध्ये शोधायचं.

अनेक लॅपटॉप सुरू होतानाच तक्रार नोंदवतात. डेलवर `Time-of-day not set - please run SETUP program`, एचपीवर `Real-Time Clock Power Loss (005)`, थिंकपॅडवर `0271: Check Date and Time settings` असा मजकूर येतो. घाईत एंटर दाबून पुढे जाण्याआधी तो मोबाइलवर टिपून ठेवला तर दुरुस्तीवाल्याचं निम्मं काम होतं.

इंटरनेट असूनही तारीख सुधारत का नाही

वायफाय जोडलेला असताना लॅपटॉपला आजची तारीख इंटरनेटवरून का घेता येत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. विंडोजमध्ये त्यासाठी खास सेवा आहे. ती वेळ सांगणाऱ्या सर्व्हरशी बोलते आणि स्वतःचं घड्याळ जुळवते. आपल्याकडे नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सांभाळते आणि तिचा `time.nplindia.org` हा सर्व्हर ती वेळ इंटरनेटवर पुरवतो.

अडचण अशी, की विंडोजची ही सेवा सर्व्हरवर आंधळा विश्वास ठेवत नाही. घरच्या किंवा दुकानातल्या सुट्या संगणकावर तिला मूळ मर्यादा घातलेली असते 54,000 सेकंदांची, म्हणजे 15 तासांची. सर्व्हरने सांगितलेली वेळ आणि स्वतःची वेळ यांत यापेक्षा जास्त फरक दिसला, तर ती सर्व्हरचंच चुकलं असं मानते आणि वेळ बदलत नाही. कुणी बनावट सर्व्हर लावून घड्याळ वाटेल तिकडे फिरवू नये, म्हणून ही काळजी. घड्याळ दहा मिनिटं मागे पडलं असेल तर सेवा ते सुधारते. 2012 आणि आज यांच्यातला फरक मात्र वर्षांचा आहे, तो तिच्या मर्यादेत बसत नाही. यावर उपाय म्हणजे आधी तारीख हाताने आजची करायची आणि मग सेटिंग्जमधल्या `Date & time` मध्ये `Sync now` दाबायचं. वेळ सेकंदापर्यंत जुळते, पण पुढच्या वेळी वीज तुटेपर्यंतच.

तारीख मागे असताना वेबसाइट उघडत नाहीत, त्याचं कारणही तारखेतच आहे. प्रत्येक सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते. ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत वैध आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. सप्टेंबर 2020 पासून अशी नवी प्रमाणपत्रं 398 दिवसांपेक्षा जास्त मुदतीची असू शकत नाहीत. याचा अर्थ आज उघडलेल्या कोणत्याही वेबसाइटचं प्रमाणपत्र अलीकडेच दिलेलं असणार. 2012 मध्ये अडकलेल्या लॅपटॉपच्या लेखी ते अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो `NET::ERR_CERT_DATE_INVALID` असं सांगून दार लावून घेतो. त्यावेळी ‘तरीही पुढे जा’ असा काही पर्याय दिसला तर तो दाबू नये. तारीख दुरुस्त करावी, पान आपोआप उघडतं.

वेबसाइट अडल्या की निदान कळतं तरी. ज्या लॅपटॉपवर इंटरनेट फारसं वापरलं जात नाही, तिथे नुकसान गुपचूप होत राहतं. त्या दिवसांत जतन केलेल्या फायलींवर 2012 ची तारीख पडते. तारखेनुसार लावलेल्या यादीत आजचं बिल सर्वांत तळाला जातं. फक्त नव्या फायलींची प्रत घेणारा बॅकअप ती जुनी समजून वगळू शकतो. दुकानातल्या लॅपटॉपवर तारीख चुकलेली आढळली, तर ती सुधारून झाल्यावर मागच्या काही दिवसांच्या फायली आणि बिलं एकदा तपासावीत.

सेल बदलताना

सेल बदलण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवणं. विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल आणि सेल काढल्यामुळे बायोसच्या नोंदी बदलल्या, तर लॅपटॉप सुरू होताना 48 अंकी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन असते, पण बंद पडलेल्या लॅपटॉपसमोर बसून ती शोधण्यापेक्षा आधीच कागदावर उतरवून ठेवणं शहाणपणाचं. दुसरी म्हणजे बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो घेणं. जुन्या लॅपटॉपमध्ये सेल निघाला की डिस्क कोणत्या पद्धतीने जोडायची, `AHCI` की `RAID`, ही नोंद मूळ स्थितीला जाऊ शकते. तसं झालं तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो आणि नवं संकट आल्यासारखं वाटतं. फोटो पाहून नोंद पूर्ववत केली की ते जातं.

लॅपटॉप बंद करून चार्जर काढायचा, खालचं झाकण उघडायचं आणि सर्वांत आधी मुख्य बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून आत उरलेली वीज घालवायची. डेस्कटॉपमध्ये सेल उघड्या खाचेत बसवलेला असतो. लॅपटॉपमध्ये तो बहुधा काळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात असतो आणि त्याला लाल-काळ्या दोन तारा आणि दोन पिनांचा बारीक कनेक्टर असतो. तारा ओढायच्या नाहीत. कनेक्टरच्या कडेला प्लास्टिकची पट्टी घालून तो हळूच सरकवायचा. काही लॅपटॉपमध्ये सेल कीबोर्डखाली किंवा बोर्डाच्या उलट्या बाजूला असतो. तिथे स्वतः प्रयोग न करता दुरुस्तीवाल्याकडे जाणं बरं.

काढलेला सेल मल्टिमीटरवर तपासता येतो. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवायचा. नवा सेल 3 ते 3.3 व्होल्ट दाखवतो. अडीचच्या आसपास किंवा खाली आकडा आला की सेल संपला. आकडा 2.8 किंवा 2.9 असेल तर घाईने निकाल देऊ नये. जुना सेल भार नसताना बरा आकडा दाखवतो आणि भार आला की बसतो.

नवा सेल घेताना जुन्यावरचं नाव वाचणं सर्वांत महत्त्वाचं. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सीआर2032 सहज मिळतो, तारा लावलेलाही मिळतो. पण दोन ठिकाणी चूक होते. एक म्हणजे तारांची बाजू. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कनेक्टरमध्ये लाल आणि काळी तार उलटसुलट असू शकते. नवा सेल जुन्याशेजारी ठेवून लाल तार त्याच बाजूला आहे ना, हे पाहिल्याशिवाय लावू नये. सुटा सेल आणून त्यावर स्वतः तारा डागणं तर टाळावंच. सोल्डरच्या उष्णतेने लिथियमचा सेल फुगू किंवा फुटू शकतो. कारखान्यात पत्र्याच्या पट्ट्या क्षणभराच्या वेल्डिंगने जोडतात.

दुसरी चूक जास्त गंभीर. काही लॅपटॉपमध्ये सेल सीआर जातीचा नसून एमएल1220 सारखा, पुन्हा चार्ज होणारा असतो. लॅपटॉप चालू असताना बोर्ड त्याला चार्ज करतो. त्याच्या जागी सीआर सेल बसवला, तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज ढकलली जाते आणि तो फुगून गळू शकतो. एमएल म्हणजे एमएलच, व्हीएल म्हणजे व्हीएलच घ्यायचा.

या चार्ज होणाऱ्या सेलची साठवण फार कमी, 15 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. 5 मायक्रोअँपिअरच्या हिशोबाने तो 3,000 तास, म्हणजे चार महिने पुरतो. मुख्य बॅटरी उतरलेला असा लॅपटॉप सहा महिने कपाटात राहिला तर तारीख जाणारच, आणि तो बिघाड नसतो. एक-दोन दिवस चार्जरवर चालू ठेवून पाहावं, सेल भरला की प्रश्न सुटतो. अलीकडच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर नाण्यासारखा सेलच नसतो. मुख्य बॅटरीचाच थोडा वाटा घड्याळासाठी राखलेला असतो. तिथे तारीख जाऊ लागली तर मुख्य बॅटरीकडेच पाहावं लागतं.

जुना सेल टेबलावर उघडा ठेवू नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. 20 मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. त्यात वापरून झालेला सेलही धोक्याचा असतो. अशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावं. टाकताना सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी आणि तो ई-कचऱ्यात द्यावा.

नवा सेलही संपला तर

सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख लावायची आणि रात्रभराची परीक्षा पुन्हा करायची. बहुतेक लॅपटॉपांची गोष्ट इथे संपते. काहींमध्ये मात्र दोन-तीन महिन्यांत तारीख पुन्हा 1 जानेवारीवर जाते. दुकानदार म्हणतो सेल डुप्लिकेट होता, दुसरा लावतो, तोही तितकाच टिकतो. अशा वेळी सेलवर सेल बदलत राहू नये. बोर्ड वीज गळवतो आहे का, हे मोजायला हवं.

त्याची साधी रीत कुशल तंत्रज्ञाला माहीत असते. चार्जर आणि मुख्य बॅटरी काढलेली असताना सेलच्या तारेत 1 किलोओहमचा एक रेझिस्टर जोडायचा आणि त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजायचा. जितके मिलिव्होल्ट, तितके मायक्रोअँपिअर प्रवाह. मीटरने चार-सहा मिलिव्होल्ट दाखवले, तर बोर्ड निर्दोष आहे आणि सेलच वाईट होता. 100 मिलिव्होल्ट दाखवले, तर बोर्ड 100 मायक्रोअँपिअर ओढतो आहे, आणि 220 मिलिअँपिअर-तासांचा कोरा सेल 2,200 तासांत, म्हणजे तीन महिन्यांत रिकामा होणार. कधी काळी सांडलेला चहा, पावसाळी ओलाव्याने चढलेला गंज किंवा सेलच्या रांगेतला गळका कपॅसिटर, यांपैकी काहीतरी त्यामागे असतं. बोर्ड स्वच्छ केला किंवा तो एक भाग बदलला की आकडा पुन्हा एक अंकी होतो. त्यानंतर बसवलेला सेलच पुढची काही वर्षं चालतो.